रॉकेट, हिरा आणि न दिसणारा विक्रेता

नमस्कार श्रोतेहो.

शेअर बाजारावर चर्चा करणाऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये सकाळी एका कंपनीचे नाव येते, त्यापुढे एकही वाक्य नसते, फक्त रॉकेटची चार चित्रे असतात. पाच मिनिटांत त्याखाली आणखी तीस जणांची रॉकेटे उमटतात. मग कोणीतरी भीत भीत विचारतो, "या कंपनीवर कर्ज किती आहे, कोणी पाहिले आहे का?" त्याला उत्तर म्हणून हिरा आणि दोन उंचावलेले हात मिळतात, आणि मागोमाग एक शेरा येतो की ज्यांचे हात कागदाचे आहेत त्यांनी इथे थांबू नये. प्रश्न विचारणारा गप्प होतो आणि कर्जाचा विषय तिथेच संपतो. आज मला या दोन चित्रांविषयी बोलायचे आहे, कारण ती दिसायला गमतीची असली तरी ती पाहून माणसे आपली बचत कुठे घालायची हे ठरवतात.

रॉकेटचा अर्थ असा की भाव आता वर जाणार, थेट चंद्रापर्यंत जाणार, तेव्हा आत्ताच घ्या. हिरा आणि हात यांचा अर्थ असा की भाव कितीही पडला तरी विकू नका, हिऱ्यासारख्या कठीण हातांनी माल धरून ठेवा. जो घाबरून विकतो त्याचे हात कागदाचे. ही चिन्हे म्हणजे नुसता उत्साह आहे, त्यांना कसला अर्थ चिकटवता, असे कोणी म्हणेल. पण न्यायालयानेही ती इतक्या सहज सोडून दिलेली नाहीत. २०२३ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयासमोर बास्केटबॉलच्या डिजिटल चित्रफितींच्या विक्रीचे प्रकरण होते. विकणाऱ्या कंपनीच्या संदेशांत 'नफा' हा शब्द नव्हता, पण रॉकेट, चढता आलेख आणि पैशांच्या पिशव्या होत्या. या चिन्हांचा वस्तुनिष्ठपणे एकच अर्थ होतो, तो म्हणजे गुंतवणुकीवर मिळणारा आर्थिक परतावा, असे न्यायाधीशांनी नोंदवले. तो निर्णय खटल्याच्या प्राथमिक टप्प्यावरचा होता, तरीही त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. चित्राने दिलेले आश्वासन हेही आश्वासनच असते. फरक एवढाच की वाक्यात आकडा, मुदत आणि कारण मागता येते, आणि चित्र या तिन्हींतून सहज निसटते.

ही दोन चिन्हे एकमेकांना कशी पूरक आहेत, ते लक्षात घेतले पाहिजे. रॉकेट नवे खरेदीदार आणते आणि हिरा जुन्या धारकांना विकण्यापासून रोखतो. मागणी वाढली आणि विक्रीला येणारा माल आटला की थोड्याशा खरेदीनेही भाव झपाट्याने चढतो, आणि चढलेला भाव पाहून आणखी रॉकेटे येतात. आता ज्याने हा शेअर बराच आधी, स्वस्तात घेऊन ठेवला आहे, त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्याला आपला माल चढ्या भावात खपवायचा असेल तर दोन गोष्टी हव्या असतात, घेणारे पुष्कळ आणि आपल्याबरोबर विकणारे कमी. ग्रुपमधली दोन्ही चिन्हे त्याचे हेच काम विनामूल्य करून देतात. रॉकेट पाठवणारा प्रत्येक जण लबाड असतो असे माझे म्हणणे मुळीच नाही. बहुतेक जण मनापासून पाठवतात आणि त्यांचाही पैसा त्यात अडकलेला असतो. परंतु मनापासून पाठवणारा कोण आणि माल खपवणारा कोण, हे चित्रावरून ओळखता येत नाही, कारण पाठवणाऱ्याने कोणत्या भावाला घेतले आणि आज सकाळी त्यातले किती विकले, हे त्या चित्रात लिहिलेले नसते.

या चिन्हांना जगभर ओळख मिळाली ती २०२१ च्या जानेवारीत, गेमस्टॉप या अमेरिकी कंपनीच्या शेअरमुळे. व्हिडिओ गेम विकणारी ही दुकानांची साखळी अडचणीत होती. तिचा भाव पडेल या अंदाजाने मोठ्या फंडांनी तिचे शेअर उसने घेऊन विकले होते, म्हणजे ज्याला शॉर्ट सेलिंग म्हणतात ते केले होते. बाजारात खुल्या व्यवहारासाठी जेवढे शेअर उपलब्ध होते त्यांच्या १०० टक्क्यांहूनही अधिक अशी विक्री झाली होती. हे शक्य होते, कारण उसना घेऊन विकलेला शेअर ज्याच्याकडे जातो तोही तो पुन्हा उसना देऊ शकतो. भाव चढला तर या मंदीवाल्यांना तोटा थांबवण्यासाठी घाईने परत खरेदी करावी लागेल आणि त्यामुळे भाव आणखी चढेल, हा तर्क काही जणांनी मांडला. तो तर्क अभ्यास करून मांडलेला होता, हे मान्य केलेच पाहिजे. मूळ लेखनात आकडे होते, कारणे होती. त्यांच्या मागून आलेल्या गर्दीपर्यंत त्यातले फक्त रॉकेट आणि हिरा पोहोचले.

महिन्याच्या सुरुवातीला भाव सुमारे १७ डॉलर होता. २७ जानेवारीला तो ३४७ डॉलरवर बंद झाला. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या अधिकाऱ्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या घटनेवर अहवाल दिला आणि त्यातली एक नोंद मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जानेवारीच्या आरंभी एका दिवसात या शेअरचे व्यवहार करणारी खाती १० हजारांहून कमी होती, आणि २७ जानेवारीला ती जवळपास ९ लाखांवर पोहोचली. म्हणजे ज्या दिवशी भाव सर्वोच्च पातळीवर बंद झाला, त्या दिवशी गर्दीही प्रचंड होती. त्या दिवशी ज्याने ३४७ च्या आसपास घेतले, त्याला तो शेअर कोणीतरी विकलाच होता. त्याच अहवालाने असेही नोंदवले की मंदीवाल्यांची परतखरेदी एकूण खरेदीचा छोटा भाग होती आणि कित्येक आठवडे भाव टिकला तो लोकांच्या उत्साहामुळे. मूळ तर्क ज्या इंधनावर आधारलेला होता ते फार थोडे होते, आणि नंतरची चढण रॉकेटांच्या बळावर झाली.

दुसऱ्याच दिवशी, २८ जानेवारीला, सत्राच्या मध्यात भाव ४८३ डॉलरपर्यंत गेला. त्याच दिवशी अनेक ब्रोकरांनी या शेअरची नवी खरेदी बंद केली, विक्रीला मात्र मुभा ठेवली, आणि दिवसअखेर भाव १९३ वर आला. २ फेब्रुवारीला तो ९० होता, १९ फेब्रुवारीला सुमारे ४० डॉलर. २७ जानेवारीच्या बंद भावाला गुंतवलेल्या प्रत्येक १०० डॉलरचे तीन आठवड्यांत सुमारे १२ डॉलर उरले. आता गणित पाहा. १०० चे १२ होताना ८८ टक्के गेले असे आपण म्हणतो, पण १२ चे पुन्हा १०० व्हायचे असतील तर भाव आठपटीहून अधिक व्हावा लागतो. हिऱ्याचे चिन्ह हा हिशेब कधीच मांडत नाही.

तोट्यातला शेअर धरून ठेवण्याची ओढ माणसाला मुळातच असते. हर्श शेफ्रिन आणि मायर स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ साली दाखवून दिले की गुंतवणूकदार नफ्यातले शेअर लवकर विकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात, कारण विकले की तोटा कबूल करावा लागतो. एरवी मित्र, जोडीदार किंवा स्वतःचेच शहाणपण या ओढीला आवर घालते. हिऱ्याचे चिन्ह नेमका हा आवर काढून घेते आणि कमकुवतपणाला शौर्य ठरवते. जो विकतो तो भित्रा आणि गद्दार ठरतो, म्हणून विकणारे आपण विकल्याचे सांगत नाहीत, तोट्यात गेलेले हळूहळू बोलेनासे होतात, आणि ग्रुपमध्ये उरलेल्यांना सगळे एकमताने ठाम उभे आहेत असे दिसत राहते.

आता कोणी म्हणेल, आणि हा आक्षेप रास्त आहे, की गेमस्टॉप नंतर पुन्हा चढला होता. खरेच चढला होता. मार्चमध्ये तो एकदा २६५ वर बंद झाला आणि ९ जूनला ३०२ वर. ज्यांनी धीर धरला त्यांना तोट्याचा बराचसा भाग भरून काढण्याची संधी मिळाली. पण ती संधी साधायची तर विकावे लागत होते, आणि हिऱ्याच्या भाषेत विकण्याची वेळ कधीच येत नाही. किती भावाला बाहेर पडायचे, याला त्या भाषेत शब्दच नाही. म्हणून अशा ग्रुपमध्ये मी एकच चाचणी लावते. रॉकेट पाठवणाऱ्याला नम्रपणे विचारायचे की आपण कोणत्या भावाला घेतले, कोणत्या भावाला विकणार आणि कोणती गोष्ट घडली तर आपले मत चुकले असे मानाल. उत्तर आकड्यांत आले तर ते चुकीचेही असू शकते, पण तपासता तरी येते. उत्तरात पुन्हा रॉकेटच आले, किंवा प्रश्न विचारणाऱ्याची टिंगल झाली, तर तिथे खरेदीचे कारण कोणाकडेच नाही असे मी धरून चालते.

याशिवाय एक तपासणी अशी आहे की तिच्यासाठी ग्रुपमधल्या कोणालाही काही विचारावे लागत नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला नवे शेअर विकायचे असतील किंवा तिच्या संचालकांनी आपले शेअर विकले असतील, तर ते जाहीर करावे लागते आणि ती सूचना कोणालाही वाचता येते. ९ जून २०२१ रोजी, म्हणजे भाव ३०२ वर बंद झाला त्याच दिवशी, गेमस्टॉपने आपण ५० लाखांपर्यंत नवे शेअर बाजारात विकू शकतो असे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी भाव एक चतुर्थांशाहून अधिक घसरला. त्याच महिन्यात कंपनीने ते सारे शेअर विकून सुमारे ११३ कोटी डॉलर उभे केले. यात बेकायदा काही नव्हते. तेजीत भांडवल उभारणे हा कोणत्याही कंपनीचा हक्कच आहे. सामान्य धारकांना विकू नका असे सांगितले जात होते त्या दिवसांत खुद्द कंपनीच मोठा विक्रेता म्हणून उघडपणे, कागदोपत्री, बाजारात उभी होती. ती सूचना वाचायला दहा मिनिटे पुरली असती.

नमस्कार.