त्र्याऐंशीव्या उपविधीचा शोध

नमस्कार, श्रोतेहो. हाउसिंग सोसायटीचे बायलॉज, म्हणजे उपविधी, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी असतात. लाइट बिलांच्या फायलीत ते पुस्तक कुठेतरी दबलेलं असतं आणि भांडण झालं की बाहेर निघतं. आज त्या पुस्तकाचं प्रूफ कसं तपासायचं ते सांगणार आहे. मी छापखान्यात बरीच वर्षं प्रुफं वाचली, म्हणून आमच्या सोसायटीने नवी प्रत टाइप करून आणली तेव्हा ती माझ्याकडे आली.

पहिली गोष्ट. मजकूर वाचायचाच नाही, फक्त अनुक्रमांक वाचायचे. कोऱ्या कागदावर उभ्या रांगेत आकडे लिहीत जायचं, शेजारी पोटकलमांची अक्षरं. पुन्हा सांगते, आधी फक्त आकडे. अर्थ वाचायला लागलं की डोळा आकड्यावरून घसरतो. आणि एक लक्षात ठेवा, आपल्याकडे अ, ब, क, ड अशी पोटकलमं असतात. टाइप करणाऱ्याने मध्येच क, ख, ग सुरू केलं, तर दोन 'क' होतात आणि 'उपविधी अमुकचा क' म्हणजे नक्की कुठला, यावर सभेत तास जातो.

तर मी आकडे लिहीत गेले. एक्याऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. त्र्याऐंशी नाही.

आमचे सचिव म्हणाले, "ताई, एवढंच ना? पुढचे सगळे आकडे एकेक कमी करून टाकू." मी म्हटलं, "थांबा, आकड्यांना हात लावू नका." आधी बघायचं की बाकीच्या उपविधींत त्या हरवलेल्या आकड्याचं नाव कुणी घेतलंय का. कुणीच घेतलं नसेल, तर कदाचित नुसता आकडाच सुटलेला असतो. कुणी घेतलं असेल, तर कलम हरवलेलं असतं. मी पुढची पानं चाळली आणि थकबाकी वसुलीच्या भागात वाक्य सापडलं: 'उपविधी क्र. ८३ मध्ये नमूद केल्याप्रमाणे व्याज आकारले जाईल.' म्हणजे व्याजाचं कलमच गायब होतं.

आता यामागची गोष्ट ऐका. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे चोवीस हजार रुपये थकले होते, पुरतं एक वर्ष. सोसायटीने व्याज लावलं आणि काकांनी विचारलं, "कुठल्या उपविधीनुसार? दाखवा." दाखवणार काय? पुस्तकात कलमच नव्हतं. काका म्हणायचे, नियम नाही तर व्याज नाही. खजिनदार म्हणायचे, एवढी वर्षं सगळे देतात, तुम्हीच कसे देत नाही? दोघांचं बोलणं बंद झालं. दोघंही सज्जन माणसं, एकाच जिन्यात राहणारी. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

मी सचिवांना म्हटलं, नोंदणी झालेली प्रत काढा. जिच्यावर उपनिबंधकांचा शिक्का आणि सही असते, तीच मूळप्रत. छापलेलं पुस्तक ही तिची नक्कल. आमची मूळप्रत कपाटात नोंदणी प्रमाणपत्राच्या मागे सापडली, कडा पिवळ्या पडलेल्या. त्या पानाच्या तळाशी ८३ व्यवस्थित होता. मग सुटला कसा? ८३ आणि ८४, दोन्हींची सुरुवात एकाच शब्दांनी होती: 'सभासदाने संस्थेची देणी'. टाइप करणाऱ्याने ८३ चे पहिले शब्द वाचले, टाइप करायला मान वळवली, परत बघितलं तेव्हा नजर ८४ च्या त्याच शब्दांवर पडली. कलम तिथेच गळालं. सारखी सुरुवात दिसली की तिथे थांबून दोनदा बघायचं, कारण हीच नजर उलटी फिरली की तेच कलम दोनदा टाइप होतं. आमच्या पुस्तकात विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचं कलम असंच दोनदा आलं होतं. एका ठिकाणी पूर्ण पाच दिवस आणि दुसऱ्या ठिकाणी चौदा. चौदा दिवस वार्षिक सभेचे असतात, ते शेजारच्या कलमातून आले होते.

पण गोष्ट अजून संपलेली नाही. सापडलेला ८३ मी समितीपुढे मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं की सर्वसाधारण सभा ठरवेल त्या दराने, जास्तीत जास्त दरसाल दर शेकडा २१ टक्के, सरळव्याज. सरळव्याज! खजिनदारांनी हिशेबाची वही उघडली. दर महिन्याला पावणेदोन टक्के आणि तेही मागच्या व्याजासकट. म्हणजे चक्रवाढ. चोवीस हजारांवर वर्षाचं व्याज त्यांनी ५,५५५ रुपये लावलं होतं. सरळव्याजाने होतात ५,०४०. खजिनदारांनी तिथेच ५१५ रुपये कमी करून नवं बिल लिहिलं आणि स्वतः दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिलं. काकांनी शिक्क्याची प्रत मागून घेतली, चष्मा लावून ते कलम बोट ठेवून वाचलं, आणि चेक लिहिला. चहाही झाला म्हणे.

बरं, आता वाचायचं कसं? दोघांनी. एकाने मूळप्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नव्या प्रतीवर पेन्सिल ठेवायची. कंस आणि स्वल्पविरामसुद्धा बोलायचे. आकडे मात्र सुटे सुटे वाचायचे, 'आठ-तीन'. त्रेसष्ट आणि त्रेहत्तर कानाला फार जवळ. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला. मला स्वतःला बावीस, त्रेचाळीस, एकोणनव्वद हे शब्द जिवापाड आवडतात, आणि ते मुलांच्या तोंडी राहिलेच पाहिजेत. पण प्रूफ वाचताना सुटे आकडेच खरे. मुद्द्यावर येते.

देवनागरीत आणखी दोन जागा आहेत. एक म्हणजे १ आणि ९, बारीक छपाईत हमखास चुकतात. दुसरी म्हणजे 'व' आणि 'वा'. 'अध्यक्ष व खजिनदार यांच्या सहीने' आणि 'अध्यक्ष वा खजिनदार यांच्या सहीने'. एक काना जास्तीचा लागला की चेकवर दोन सह्यांऐवजी एक सही पुरते. तसंच 'थकबाकीदार नसलेला' मधला 'न' जाऊन 'असलेला' झाला, तर सगळंच उलटं. संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस यातलं काही पकडत नाही, कारण शब्द सगळे शुद्धच असतात.

चूक सापडल्यावर काय करायचं? मूळप्रत बरोबर आणि पुस्तक चुकीचं असेल, तर समितीने शुद्धिपत्रक छापून सगळ्यांना वाटायचं. पण चूक शिक्क्याच्या प्रतीतच असेल, तर पेनाने दुरुस्ती करायची नाही. साधा आकडा असला तरी ती उपविधीची दुरुस्ती होते. सर्वसाधारण सभेत हजर सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी ठराव करायचा, तो उपनिबंधकांकडे पाठवायचा. तिथे नोंदणी होईपर्यंत जुनाच मजकूर लागू. पुन्हा सांगते, नोंदणी होईपर्यंत जुनाच. आणि एखादं कलम रीतसर वगळलं, तर आकडा तसाच ठेवून पुढे 'वगळले' एवढंच लिहायचं. मागच्या सगळ्या नोटिशी आणि इतिवृत्तं त्या जुन्या आकड्यांवर उभी असतात.

आमच्या शुद्धिपत्रकात एकूण एकोणीस दुरुस्त्या निघाल्या. ८३ ची पट्टी पानावर चिकटवता येईल एवढ्याच रुंदीची कापून घेतली, आणि प्रत्येक घरी जाऊन पुस्तकात ती डकवून देण्याचं काम दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मागून घेतलं.