खुडणीचा काटा आणि नोटिशीचं उत्तर

श्रोतेहो, नमस्कार. पुण्यात धायरीला माझा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. मिरची येते, तिचे देठ खुडले जातात, मग ती भाजून, कांडून पाकिटात जाते. या वाटेवर तीन ठिकाणी वजन होतं, म्हणजे आमच्याकडे काटे तीन. काही महिन्यांपूर्वी वजनं-मापं तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाचे निरीक्षक तपासणीला आले आणि त्यांतल्या दोन काट्यांसाठी मला नोटीस मिळाली. त्या नोटिशीला मी जे उत्तर दिलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे. पहिला मसुदा मी फाडला होता. का फाडला, तेही सांगतो.

पाकिटं भरायचा काटा ठीक होता. त्याचा पडताळणीचा शिक्का चालू मुदतीचा होता आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं होतं. पोती मोजायच्या मोठ्या काट्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी उलटली होती. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते आणि ती तारीख माझ्या नजरेतून निसटली. तिथे बोलण्यासारखं काही नव्हतं, चूक उघड होती.

तिसरा काटा मात्र मला महत्त्वाचा वाटत नव्हता. तो खुडणीच्या खोलीतला, ३० किलोचा टेबलावरचा काटा. तपासणीच्या चौदा महिने आधी एका बंद होणाऱ्या दुकानातून मी तो जुना घेतला होता. शिशाचं सील तुटलेलं, शिक्क्याची मुदत केव्हाच संपलेली. घेताना मी म्हटलं, यावर काही विकायचं नाही, आतल्या कामाला चालेल. पहिल्या मसुद्यात मी हेच लिहिलं: ‘सदर काटा विक्रीसाठी वापरला जात नसून केवळ अंतर्गत कामासाठी आहे, तसेच त्याचे वजन अचूक आहे.’

या एका वाक्यात दोन गोष्टी चुकीच्या होत्या.

पहिली चूक कायद्याची. वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ यात ‘व्यवहार’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. खरेदी-विक्री त्यात आहेच, पण त्याबरोबर केलेल्या कामाचं आणि देय मजुरीचं मोजमापही आहे. आमच्याकडे पाच बायका मिरची खुडतात आणि त्यांना किलोमागे वीस रुपये मिळतात. ते किलो याच काट्यावर मोजले जातात. मी ज्याला आतलं काम म्हणत होतो, तो त्यांच्या रोजच्या कमाईचा काटा होता. व्याख्या वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. पाकिटावर छापलेल्या वजनाची मी इतकी काळजी घेत होतो, आणि ज्या वजनावर माणसांचे पैसे ठरतात त्याची अजिबात नाही.

दुसरी चूक अचूकपणाची. निरीक्षकांनी पाच-पाच किलोची दोन वजनं काट्याच्या मधोमध ठेवली, तेव्हा आकडा बरोबर १०.००० आला. मला हायसं वाटलं. मग तीच वजनं त्यांनी एकेका कोपऱ्यावर ठेवली. तीन कोपरे बरोबर निघाले. डाव्या मागच्या कोपऱ्यावर आकडा आला ९.९८०, म्हणजे २० ग्रॅम कमी. पाच ग्रॅमच्या टप्प्याच्या या काट्याला वापरात असताना दहा किलोवर दहा ग्रॅमपर्यंतचा फरक चालतो; इथे तो त्याच्या दुप्पट निघाला. आणि काट्याच्या उजवीकडे भिंत असल्यामुळे टोपली नेहमी डाव्या बाजूलाच टेकत होती.

परवानाधारक दुरुस्तकाने काटा उघडल्यावर कारण सापडलं. वजन ठेवायच्या पाटीच्या खाली प्रत्येक कोपऱ्यात एक अडणीचा स्क्रू असतो. कुणी पोतं आदळलं तर भार त्या स्क्रूवर जावा आणि वजन ओळखणारा सेल वाचावा, यासाठी. स्क्रू आणि पाटी यांच्यात केसाएवढी फट राहायला हवी. आमच्या त्या कोपऱ्यात मिरचीचं बी आणि भुकटी घट्ट बसली होती. तिथे वजन ठेवलं की त्यातला थोडा भार सेलपर्यंत न पोचता स्क्रूवरच अडायचा. मध्ये ठेवून बघणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. मी मध्येच ठेवून बघत होतो.

हे मी खुडणीच्या खोलीत सांगितलं, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, ‘‘दादा, तो काटा डावीकडे मारतो, हे आम्हाला ठाऊक होतं. टोपली जरा सरकवली की आकडा वाढायचा.’’ मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, ‘‘तुमचा काटा खोटा आहे असं कसं म्हणायचं?’’

त्या रात्री मी उत्तर नव्याने लिहिलं. एका मित्राचं म्हणणं होतं की लेखी कबुली देऊ नकोस. पण काटे समोर होते, पंचनामा झालेला होता. नाकारायचं काय? पत्रातला मुख्य भाग असा:

‘नोटिशीत नमूद केलेल्या दोन्ही काट्यांवर चालू मुदतीचा शिक्का नव्हता, हे आम्हास मान्य आहे. टेबलकाट्यावर मजुरीचे वजन होत होते, त्यामुळे तोही पडताळणीस पात्र होता. दोन्ही काटे तपासणीच्या दिवसापासून वापरातून काढून वेगळे ठेवले आहेत. टेबलकाटा परवानाधारक दुरुस्तकाकडून दुरुस्त करून घेतला असून त्याची पावती व काट्याचा अनुक्रमांक सोबत जोडला आहे. दोन्ही काट्यांच्या फेरपडताळणीसाठी अर्ज व फी सादर केली आहे. मुद्रांकन होईपर्यंत हे काटे वापरले जाणार नाहीत. तोपर्यंत मजुरीचे वजन पाकिटांच्या मुद्रांकित काट्यावर होईल.’

यातलं ‘मुद्रांकन होईपर्यंत हे काटे वापरले जाणार नाहीत’ हे वाक्य मला सर्वांत गरजेचं वाटतं. काटा दुरुस्त झाला म्हणून तो लगेच वापरता येत नाही. दुरुस्तीसाठी सील तोडावंच लागतं, आणि सील तुटलं की काटा पुन्हा पडताळून शिक्का घेईपर्यंत बंद. हे सील शोभेचं नसतं. त्याच्या आड काटा जुळवायची कळ असते, आणि ती दाबणारा माणूस ९८० ग्रॅमला एक किलो म्हणायला काट्याला शिकवू शकतो. नुसतं ‘यापुढे काळजी घेऊ’ असं लिहिलं असतं, तर त्यावरून निरीक्षकांना काहीच तपासता आलं नसतं. अनुक्रमांक, पावती आणि अर्ज हाताशी असले की ते येऊन पडताळू शकतात.

पत्र दिलं म्हणजे प्रकरण मिटलं, असं नाही. रक्कम भरून खटल्याविना प्रकरण मिटवण्याची, म्हणजे प्रशमनाची सोय कायद्यात आहे आणि मी तोच अर्ज केला. पण प्रशमनानंतर तीन वर्षांच्या आत तोच किंवा तशाच प्रकारचा गुन्हा पुन्हा झाला, तर ही सोय मिळत नाही. म्हणून तिन्ही काट्यांच्या तारखा आता कॅलेंडरात मुदतीच्या महिनाभर आधीच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत.

मजुरीचा हिशेब पत्रात नव्हता, तो मी वेगळा केला. किलोमागे जास्तीत जास्त दोन ग्रॅम कमी भरत होतं असं धरलं. एका बाईचे दिवसाला बारा किलो, महिन्याचे पंचवीस दिवस, चौदा महिने, म्हणजे ४,२०० किलो. त्यातले कमी मोजलेले ८ किलो ४०० ग्रॅम, त्याचे १६८ रुपये. रक्कम लहान आहे, पण चौदा महिने ती एकाच बाजूला झुकत राहिली. प्रत्येकीला पैसे दिले, हिशेबाचा कागद दिला आणि वहीवर सह्या घेतल्या.

शिक्का होऊन काटा परत आला, तेव्हा तो भिंतीपासून हातभर लांब मांडला. पाच-पाच किलोची दोन मुद्रांकित वजनं विकत घेतली आहेत. त्यांचीही पडताळणी दर २४ महिन्यांनी करून घ्यायची असते. दर सोमवारी खुडणी सुरू होण्याआधी ती चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडे वहीत लिहिले जातात. लिहितात त्या मावशीच, आणि सुरुवात डाव्या मागच्या कोपऱ्यापासून करतात.

नमस्कार.