पासवर्ड मॅनेजर बंद करताय? ती फाइल एक्सेलमध्ये उघडू नका

राम राम मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरतोय: "भाऊ, पासवर्ड मॅनेजरचा प्लॅन रिन्यू करायचा नाही, आतल्या लॉगिनचं काय करू?" चला, आज तेवढंच बोलू.

सोपं आधी उरकतो. ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणजे प्लॅन बंद होत नाही, पैसे कटतच राहतात. प्ले स्टोअरवरून घेतला असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जा, वेबसाइटवरून घेतला असेल तर वेबसाइटवर, आणि ऑटो रिन्यू बंद करा. अकाउंट मात्र अजून डिलीट करायचं नाही. भरलेल्या पैशांची मुदत बहुतेक ठिकाणी संपेपर्यंत चालते, त्या काळात नवं-जुनं दोन्ही चालू ठेवा.

आता एक्सपोर्ट. सेटिंगमध्ये जाऊन मास्टर पासवर्ड टाकला की एक .csv फाइल मिळते. या फाइलला कुलूप नाही. बँक, जीमेल, आयआरसीटीसी, सगळे पासवर्ड वाचता येतील असे उघडे. ओटीपीचे कोड तुम्ही त्याच मॅनेजरमध्ये ठेवत असाल तर त्यांची गुप्त किल्लीही बऱ्याचदा त्याच फाइलमध्ये येते.

आणि लोक काय करतात? डबल क्लिक! एक्सेल उघडतं. एक जण कमेंटमध्ये लिहितो, "नुसतं पाहिलं तर काय बिघडतं?" पाहून बिघडत नाही रे भो, सेव्ह केल्यावर बिघडतं.

माझ्या मामेभावाचं यावलला कृषी सेवा केंद्र आहे. त्याच्या हिशोबनीसानं फाइल उघडली, दोन रकाने रुंद केले, सेव्ह केली. शेतीपंपाच्या वीजबिलाचं लॉगिन 12 आकडी ग्राहक क्रमांकावर होतं, त्याचं झालं 1.70012E+11. दुकानाच्या फोन नंबरवरून ठेवलेला पासवर्ड शून्यानं सुरू होत होता, त्यातलं पुढचं शून्य उडालं. वजाच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या पासवर्डच्या जागी #NAME? आलं, कारण एक्सेलला ते गणित वाटलं. मराठीत लिहिलेल्या नोंदींची तर चित्रविचित्र अक्षरं झाली. आणि हीच फाइल नव्या ॲपमध्ये इम्पोर्ट झाली, कसलीही तक्रार न करता! इम्पोर्ट करणाऱ्याला काय माहीत, खरा पासवर्ड कोणता होता. जुनं अकाउंट जिवंत होतं म्हणून वाचला, पुन्हा एक्सपोर्ट केलं.

नवीन एक्सेल उघडताना कधीकधी विचारतं, आकडे बदलू का म्हणून. आपण वाचतो का? नाही, ओके दाबतो.

पाहायचीच असेल तर नोटपॅडमध्ये पाहा, सेव्ह न करता बंद करा. ओळी मोजून नोंदी जुळवायला जाऊ नका. एखादी नोंद चार ओळींची असली की हिशोब चुकतो. जुन्या ॲपमधली संख्या नव्या ॲपशी ताडून पाहा. मग शून्यानं सुरू होणारा एक, लांबलचक आकड्याचा एक आणि मराठी नोंद असलेलं एक, अशी लॉगिन उघडून जुन्याशी अक्षरन् अक्षर जुळवा.

फाइल "स्वतःलाच" व्हॉट्सॲप करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी वेगळे हात जोडतो. मोबाइलवर एक प्रत, लॅपटॉपवर दुसरी, बॅकअपमध्ये तिसरी. मग कुठली कुठली पुसत बसणार? सायबर कॅफेत तर हे काम करूच नका. घरच्या लॅपटॉपवर एक्सपोर्ट, लगेच इम्पोर्ट, जुळवणी, मग Shift+Delete. डेस्कटॉप वनड्राइव्हला जोडलेला असेल तर फाइल तिथे ठेवू नका, नाहीतर क्लाउडच्या कचरापेटीतही शोधावी लागेल. फाइल कुठे भटकलीच असेल तर आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा. बाकीचे रीसेट ईमेलवरूनच होतात.

CSV मध्ये काय येत नाही, तेही पाहा. जोडलेल्या फाइल, म्हणजे पॅनकार्डचा स्कॅन वगैरे, वेगळ्या उतरवाव्या लागतात. बिटवर्डन नावाच्या पासवर्ड मॅनेजरच्या CSV मध्ये कार्डांची माहितीही येत नाही. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकनं लॉगिन करायची किल्ली, ती तर CSV मधून जातच नाही. त्या त्या साइटवर लॉगिन करून नव्या ठिकाणी नवी पासकी बनवा, जुनी नंतर काढा.

सगळंच न्यायला पाहिजे असंही नाही. बंद पडलेल्या शॉपिंग साइट, पोराच्या जुन्या ॲडमिशनचं लॉगिन, हे सोबत नेऊन काय करणार? जिथे तुमचं कार्ड किंवा पत्ता साठवलाय, तिथे आधी आत जाऊन अकाउंट बंद करा, मगच नोंद पुसा. उलट केलंत तर आत शिरायला पासवर्डच नसेल.

थोडे दिवस फक्त नव्यावरूनच लॉगिन करा. काही अडलं नाही, तर जुन्याचं ब्राउझर एक्स्टेंशन काढा आणि वेबसाइटवर जाऊन अकाउंट डिलीट करा. ते परत मिळत नाही, म्हणून बटण दाबण्याआधी जोडलेल्या फाइलींचं फोल्डर एकदा उघडून बघा.