फळ्यावर पहिली रेघ मारण्याआधी

डिझायनरच्या नोकरीच्या मुलाखतीत डिझाइनचा प्रश्न बहुधा एका ओळीचा असतो. समजा, ‘मुंबई लोकलच्या स्टेशनवरचं तिकीट मशीन नव्यानं डिझाइन करा’, वेळ ४५ मिनिटं. घाई इथेच नडते. उमेदवार मार्कर उचलून स्क्रीनची चौकट काढतो, आणि विसाव्या मिनिटाला कळतं की आपण पासधारकासाठी डिझाइन करत होतो. त्याला तर रोज तिकीट काढावंच लागत नाही.

पहिली आठ-दहा मिनिटं प्रश्नांना द्या, पण प्रश्न निवडून विचारा. ‘याचं उत्तर उलटं आलं तर माझं चित्र बदलेल का?’ हे आधी स्वतःला विचारा. बदलणार नसेल, तर तो प्रश्न सोडा. इथे तीन प्रश्न कामाचे आहेत. नेमकं दुखणं कोणतं, लांब रांग की चुकीची तिकिटं? मशीनसमोर कोण येतं, रोजचा प्रवासी की शहरात नवा आलेला? मशीन पैसे कसे घेतं? मुलाखतकार ‘तुम्हीच ठरवा’ म्हणाला, तर गृहीतक फळ्याच्या कोपऱ्यात लिहा: दादर, संध्याकाळची गर्दी, रांग कमी करायची, पैसे यूपीआयनं. पुढचा प्रत्येक निर्णय या ओळीशी ताडून पाहता येतो.

आता निर्णय घ्या, आणि तो मोठ्यानं बोला. ‘पहिल्याच स्क्रीनवर सर्वाधिक तिकिटं जाणाऱ्या सहा स्टेशनांची बटणं ठेवतो. सेकंड क्लास, एक प्रौढ, एकेरी प्रवास हे आधीच निवडलेलं असेल. इतर स्टेशनला जाणाऱ्याला एक स्पर्श जास्त पडेल. रांग कमी करायची म्हणून मी तो भुर्दंड स्वीकारतो. पण विक्रीची आकडेवारी पाहिली आणि या सहांत निम्मी तिकिटंही बसत नसतील, तर मी नावाच्या आद्याक्षरावरून शोध पुढे आणेन.’ काय मिळालं, कुणाचं नुकसान झालं आणि कशानं मत बदलेल, हे तिन्ही यात आलं. बहुतेक जण मधलं गाळतात, आणि मुलाखतकार नेमकं तेच विचारतो.

तो म्हणेल, ‘नव्या पाहुण्याला मराठी वाचता येत नाही.’ लगेच सगळं पुसू नका, हट्टही धरू नका. सुरुवातीला भाषा निवडायची वेगळी स्क्रीन टाकली, तर रांगेतल्या प्रत्येकाला एक स्पर्श वाढतो. त्याऐवजी स्टेशनांची नावं देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत द्या. भाषेचं बटण प्रत्येक स्क्रीनवर एकाच कोपऱ्यात ठेवा. गर्दीत ते एखाद्याच्या नजरेतून सुटेल, हेही सांगून टाका.

शेवटची पाच मिनिटं बिघाडासाठी राखा. खात्यातून पैसे गेले, पण तिकीट छापलं नाही. स्क्रीनवर व्यवहार क्रमांक दिसायला हवा, आणि कागद संपला असेल तर मशीननं ते पैसे घेण्याआधीच सांगायला हवं.