वजन बसवायचं की वजन मारायचं?

(ऐरोलीतल्या एका जिमच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पॉवरलिफ्टर आणि पैलवान पोरापोरींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून.)

आत येताना दारातच एक पोरगा भेटला, म्हणाला सर परवा स्पर्धेचं वजन आहे आणि मी माझ्या गटापेक्षा तीन किलो वर आहे, काय करू. मी त्याला सांगितलं, वरच्या गटात खेळ. त्याचं तोंड पडलं, पण दुसरं काही सांगता येत नाही, कारण दोन दिवसात तीन किलो चरबी जात नाही, जातं ते पाणी. आणि तुमच्या अंगातून तेवढं पाणी काढून तुम्हाला प्लॅटफॉर्मवर पाठवायची माझी तयारी नाही.

आता वजन कुठून किती काढायचं हे ठरवायचं तर आधी एकच प्रश्न विचारायचा, वजन झाल्यावर खेळायला किती वेळ आहे? आयपीएफ म्हणजे पॉवरलिफ्टिंगची जागतिक संघटना, तिच्या नियमाने वजन लिफ्टिंग सुरू व्हायच्या दोन तास आधी सुरू होतं आणि दीड तास चालतं. म्हणजे तुमचा नंबर उशिरा लागला तर हातात दोन तासही नाहीत. पोट तासाला जेमतेम लिटरभर पाणी पुढे ढकलतं, तेही सवय असेल तर, टेन्शनमध्ये त्याहून कमी. मग जेवढं पाणी त्या वेळात परत भरता येईल तेवढंच काढायचं. माझा हिशोब असा की दोन तासाच्या वजनाला पाणी अंगाच्या एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे ७५ किलोच्या माणसाला पाऊण किलो, त्यापुढे नाही. बाकी सगळं चरबीतून आणि पोटातल्या भरावातून आलं पाहिजे.

एक केस सांगतो, आमच्याच जिममधला पोरगा, ७४ च्या गटात खेळायचं होतं आणि सकाळचं वजन ७८.४. हातात दहा आठवडे होते म्हणून हो म्हटलं. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही न खाता वजन करायचं आणि आठवड्याची सरासरी काढायची, एका दिवसाच्या आकड्याकडे बघायचं नाही, कारण आदल्या रात्री चायनीज खाल्लं की मिठामुळे काटा किलोभर वर जातो आणि पोरगं घाबरून दुसऱ्या दिवशी उपाशी राहतं. पहिले नऊ आठवडे रोज साधारण ४०० कॅलरी कमी, म्हणजे संध्याकाळचा एक वडापाव आणि एक कटिंग एवढाच फरक. प्रोटीन मात्र कमी नाही केलं, किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास, अंडी, चिकन, मासळी, दही, डाळ, आई घरात जे करते त्यातूनच. भात बंद नाही केला, एक मूद कमी केली आणि ट्रेनिंगच्या आधी खायला लावला. आठवड्याला ३५० ते ४०० ग्रॅम उतरत गेलं. पाचव्या आठवड्यात वजन थांबलं तेव्हा आम्ही काही नाही केलं, नुसते आठ दिवस थांबलो आणि ते परत उतरायला लागलं. बघायचं काय, तर स्क्वॉट. वजन उतरतंय आणि नेहमीचे सेट नेहमीसारखे निघतायत तर बरोबर चाललंय, बार जड व्हायला लागला आणि झोप उडाली तर तुम्ही घाई करताय, अंगाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त दर आठवड्याला जातंय म्हणून समजा.

शेवटच्या सोमवारी सकाळी तो ७५.० होता. राहिला एक किलो. शेवटचे दोन दिवस पालेभाज्या, कडधान्य, सॅलड, भाकरी, चपाती बंद, त्याऐवजी पांढरा भात, अंडी, दही, थोडं चिकन. खाणं कमी नाही केलं, फक्त आतड्यात साठून राहणारा चोथा कमी केला. त्यातून सहाशे ग्रॅम गेले आणि ताकद एक ग्रॅमही गेली नाही, हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण पोरं याचा विचारच करत नाहीत, थेट पाणी तोडायला निघतात. आदल्या दिवशी सकाळी ७४.४. त्या दिवशी दुपारी चारपर्यंत पाणी नेहमीसारखं, नंतर फक्त घोट घोट, जेवण लवकर आणि थोडं. रात्री झोपेत श्वासातून आणि लघवीतून आपोआप जातं ते गेलं, सकाळी ७३.८. ना पळणं, ना घाम.

आणि काटा, घरचा काटा खोटं बोलतो. जिममधली २० किलोची प्लेट त्यावर ठेवून बघा, आणि स्पर्धेच्या ठिकाणी ट्रायलचा काटा असेल तर आधी त्यावर उभे राहा. वर भरलात तरी वजनाची वेळ संपेपर्यंत परत येता येतं.

प्लास्टिकचा सूट घालून पळायचं मात्र नाही. आपल्याकडे खाडीच्या हवेत आधीच घाम सुकत नाही, सूटमध्ये तर अजिबात नाही, म्हणजे घाम जातो पण अंग थंड होत नाही आणि आतलं तापमान चढत जातं. १९९७ साली अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेजचे पैलवान असंच वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना यांच्यावर बंदी आली. लघवीच्या गोळ्या तर डोपिंगमध्ये धरल्या जातात आणि त्यांनी पोटॅशियम पडलं की हृदयाचे ठोके बिघडतात. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, बसल्या बसल्या नाडी धावतेय, लघवी चहासारखी झाली तर तिथेच थांबायचं आणि पाणी प्यायचं. घाम यायचा बंद झाला किंवा माणूस भलतंच बोलायला लागला तर अंगावर गार पाणी ओता आणि सरळ हॉस्पिटल. आणि अठराच्या आतल्या कोणी पाणी तोडायचंच नाही, पोरींची पाळी थांबली तर चरबी उतरवणंही थांबवायचं, डॉक्टरला दाखवायचं.

पैलवानांसाठी थोडं वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत आता वजन स्पर्धेच्या सकाळीच असतं आणि दुसऱ्या दिवशी कुस्ती असेल तर परत वजन द्यावं लागतं. विनेश फोगाट पॅरिसला २०२४ मध्ये पहिल्या दिवशी ५० किलोत बसली, तीन कुस्त्या जिंकून फायनलला गेली, आणि दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणून पैलवानाला मी सांगतो, ज्या गटात खेळायचंय त्याच्या जवळ तुमचं रोजचं सकाळचं वजन आणा, नाहीतर एकदा उतरवलेलं पुन्हा रात्रीत उतरवावं लागेल.

आता वजन झाल्यावर. आपला पोरगा रात्रीत ६०० ग्रॅमने हलका झाला होता, त्याला त्याच्या सव्वा ते दीडपट, म्हणजे ७५० ते ९०० मिली परत हवं होतं, कारण पिताना थोडं लघवीतून निघूनच जातं. नुसतं पाणी घटाघटा नाही, ओआरएस, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अर्ध्या पाण्यात घट्ट केलं तर पोट बिघडतं. मीठ असलं की पाणी अंगात टिकतं, नुसतं पाणी लगेच बाहेर जातं. सुरुवातीला एक मोठा पेला, मग दर पंधरा मिनिटांनी शंभरेक मिली. सोबत इडल्या, केळं, मीठ घालून मऊ भात. तेलकट नाही, दूध नाही, आणि सरावात कधी खाल्लं नाही ते तर नाहीच नाही. सलाईन लावतो म्हणणारे भेटतील, पण १२ तासात १०० मिलीच्या वर सलाईन, हॉस्पिटलच्या उपचाराचा भाग नसेल तर, डोपिंगच्या नियमात बसत नाही.

आठ वाजता तो ७३.८ भरला, पावणेदहाला वॉर्मअपमध्ये ७५ च्या पुढे होता, पोट हलकं, लघवी फिकट. पहिला स्क्वॉट त्याने सरावातल्या वजनापेक्षा पाच किलो कमी ठेवला होता, तो इतका सहज उठला की दुसरा आम्ही लगेच वाढवून दिला.