साठ पैसे आणि दोन पैसे

मंडळी, समोर हे बिल बघा. हार्डवेअरच्या दुकानाचं साधं बिल आहे. बिजागऱ्या 127.50, स्क्रू 61.75, ऑइल पेंट 345.40. करपात्र रक्कम 534.65. त्यावर 9 टक्के सीजीएसटी 48.13, तेवढाच एसजीएसटी. राऊंड ऑफ 0.09, एकूण 631.00. स्कॅन केलेल्या बिलावरून हे आकडे आपला प्रोग्राम उचलतो. ते बरोबर उचलले की नाही, हे बिलालाच विचारायचं.

आता कॅल्क्युलेटर घ्या. 534.65 चे 9 टक्के किती? 48.1185, म्हणजे 48.12. बिलावर मात्र 48.13 आहे. वाचण्यात चूक झाली का? नाही. दुकानदाराच्या सॉफ्टवेअरने कर प्रत्येक ओळीवर काढलाय: 11.475 चे 11.48, 5.5575 चे 5.56, 31.086 चे 31.09. तिन्ही वेळा पैसा वर ढकलला गेला आणि बेरीज 48.13 झाली. दुसऱ्या दुकानाचं सॉफ्टवेअर एकूण रकमेवर कर काढतं, तिथे 48.12 येईल. एकूण मात्र दोन्हीकडे 631च, कारण उरलेला फरक राऊंड ऑफ गिळतो.

हा फरक किती वाढू शकतो, याचा हिशेब सोपा आहे. एका ओळीत जास्तीत जास्त अर्धा पैसा इकडे-तिकडे होतो, आणि एकूण रकमेवर आपण स्वतः कर काढतो तेव्हा आणखी अर्धा. तीन ओळी असतील तर एका करामागे फार तर दोन पैसे. चाळीस ओळींच्या किराणा बिलात साडेवीस. म्हणजे तपासताना किती फरक चालवून घ्यायचा, ही सवलत ओळींच्या संख्येवरून ठरवायची. सरसकट 'एक रुपयापर्यंत चालेल' असं लिहून मोकळं व्हायचं नाही.

आणि ही सवलत फक्त दराच्या तपासणीला. बेरजेच्या तपासणीला शून्य! बिलावर छापलेले आकडे कुठल्यातरी मशीनने बेरीज करूनच छापलेत. 534.65 + 48.13 + 48.13 + 0.09 म्हणजे 631.00, पैशाला पैसा जुळलंच पाहिजे.

सुरुवातीला मी स्वतः दोन्हीकडे एक रुपयाची सवलत ठेवली होती. मग एकदा 1 चा 7 वाचला गेला, सीजीएसटी 48.73. बेरीज 631.60 आली, फरक साठ पैसे, आणि बिल बिनबोभाट पास. खरं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी समान नाहीत, एवढं बघितलं असतं तरी सापडलं असतं. राज्यांतर्गत बिलात एकाच दराचे हे दोन आकडे जुळे भाऊ असतात. ही फुकटात मिळणारी तपासणी आहे, सोडू नका.

बरं, राऊंड ऑफची ओळ छापलेलीच नसेल तर? मग फरक पन्नास पैशांच्या आत आहे का एवढंच पाहून भागत नाही. एकूण रक्कम पूर्ण रुपयांत आहे ना, आणि आपली बेरीज जवळच्या रुपयाला नेली की तीच रक्कम येते ना, हे बघायचं. आपल्या बिलात 630.91 चे 631 होतात. तो 48.73 वाला आकडा घेतला तर 631.51 होतात, त्याचे 632 व्हायला हवेत, म्हणजे पकडला. पण 3 चा 8 होऊन 48.18 वाचलं गेलं तर 630.96 चे 631च होतात. इथे बेरीज आंधळी आहे. जुळ्या भावांची तुलना आणि दराची तपासणीच कामाला येते.

हे सगळं `float` मध्ये करू नका, बुडाल. पायथनमध्ये `round(2.675, 2)` चं उत्तर 2.67 येतं, कारण आतला आकडा 2.675 पेक्षा किंचित लहान असतो. रक्कम मजकुरातून थेट `Decimal` मध्ये घ्या आणि `ROUND_HALF_UP` स्वतः लिहा. न लिहिल्यास `quantize` अर्ध्या पैशाला सम आकड्याकडे जातं, दुकानदाराचं सॉफ्टवेअर बहुधा जात नाही.

शेवटी जुन्या मुनीमजींची एक युक्ती. तेरीज जुळली नाही की ते फरकाचा निम्मा आकडा वहीत शोधत, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट होतो. आपल्याकडे तेच राऊंड ऑफमध्ये होतं. बिलावर (-)0.32 असतं, वजाचं चिन्ह पुसट असतं, ते वाचताना गळतं. 842.32 मधून 32 पैसे जाऊन 842 व्हायचे, त्याऐवजी 842.64 होतात. फरक 64, त्याचा निम्मा बरोबर राऊंड ऑफएवढा. असं दिसलं की प्रोग्रामने चिन्ह उलटून पुन्हा बेरीज करावी, जुळली तर 'चिन्ह दुरुस्त केलं' अशी नोंद ठेवावी, आणि मूळ वाचलेला आकडा पुसू नये.