नाव सुचवलं, तर वाटा कशावर?

(फोंड्यातल्या लघुउद्योजकांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं संपादित)

विषयपत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव 'दोन लहान एजन्सींमधील सहकार्य : प्रस्ताव आणि कामाची विभागणी' असं भारदस्त छापलंय. त्यावर मी बोलणार आहेच. पण त्याआधी नाव सुचवणाऱ्याला द्यायच्या कमिशनच्या टक्क्याबद्दल बोलतो, कारण इथले बहुतेक जण वेबसाइट, फोटो, छपाई, जाहिरात असल्या दोन-चार माणसांच्या एजन्सी चालवता आणि आपल्यातले निम्मे एकमेकांशी त्या टक्क्यावरून बोलत नाहीत. गोवा लहान आहे, म्हणून नावं घेत नाही. मागच्या रांगेत ज्यांना हसू आलंय त्यांना नावं माहीत आहेतच.

काणकोणातलं एक छोटं हॉटेल. सीझन ऑक्टोबरात सुरू होणार आणि त्याआधी त्यांना वेबसाइट, खोल्यांचे फोटो आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती हव्या होत्या. मडगावच्या एका एजन्सीनं आमचं नाव सुचवलं. फोन आला, आम्ही गेलो, काम मिळालं. पंधरा टक्के कमिशन तोंडी ठरलं होतं. बिल झालं अडीच लाख, त्यावर अठरा टक्के जीएसटी ४५ हजार, म्हणजे एकूण २ लाख ९५ हजार. बिल गेलं आणि त्याच संध्याकाळी मडगावचा फोन : "बाब, आमचे ४४,२५० कधी पाठवता?"

आता हा आकडा नीट बघा. २ लाख ९५ हजारांचे पंधरा टक्के. हिशेब बिनचूक आहे, शाळेत पूर्ण मार्क मिळाले असते. पण त्यातले ४५ हजार सरकारचे, माझ्या हातातून नुसते जाणारे. उरलेल्या अडीच लाखांतले एक लाख जाहिरातींचे, जे आमच्या कार्डावरून मेटाला गेले. आमची स्वतःची फी दीड लाख. त्यातून फोटोग्राफर, मजकूर लिहिणारी मुलगी, ऑफिसातल्या माणसांचा वेळ असा खर्च एक लाख. हातात उरले पन्नास हजार. मडगावला ४४,२५० दिले तर आम्हाला ५,७५०. पावसात काणकोणला घातलेल्या फेऱ्यांचं पेट्रोल त्यातच धरा.

माझं म्हणणं सोपं होतं : टक्का आमच्या फीवर. दीड लाखाचे पंधरा टक्के साडेबावीस हजार. तेवढे दिले तरी आमच्याकडे साडेसत्तावीस राहतात आणि दोघंही पुढच्या वेळी फोन उचलतात. यावर समोरचा म्हणाला, "टक्का म्हटलं म्हणजे बिलावरच की हो." सगळं भांडण इथंच होतं. टक्का किती यावर आपण पाच-पाच वेळा घासाघीस करतो. कशाचा टक्का हे मात्र कोणी विचारत नाही.

अखेर साडेबावीसवर मिटलं. पण पैसे कधी द्यायचे? हॉटेलवाल्यानं आगाऊ चाळीस टक्के दिले होते आणि बाकीचं सीझन लागल्यावर. मडगावला सगळं आत्ता हवं होतं. मी म्हटलं, ग्राहक जितकं देईल तितक्या प्रमाणात, आणि आमच्या खात्यात जमा झाल्यापासून सात दिवसांत. ग्राहकानं शेवटचा हप्ता बुडवला तर त्या हप्त्यावरचं कमिशनही बुडालं. हे कडक वाटतं, पण याचा एक फायदा आहे : वसुलीसाठी फोन करायला आता दोघं असतात.

पुढच्या वर्षी त्याच हॉटेलनं नव्या मेनूचे फोटो काढायला सांगितलं. आणि मडगावचा फोन! "आमचं गिऱ्हाईक ना ते?" हे म्हणजे एखाद्या टॅक्सीवाल्यानं पर्यटकाला एकदा कळंगुटच्या रेस्टॉरंटात सोडावं आणि मग त्याच्या नातवाच्या लग्नाच्या जेवणावरही कमिशन मागावं. म्हणून मुदत लिहा. माझी पद्धत : पहिलं काम, आणि पहिल्या बैठकीपासून बारा महिन्यांत आलेलं काम. त्यानंतर काही नाही.

बरं, कमिशन घेणाऱ्यांनीही ऐका. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर तुम्हालाही त्या साडेबावीस हजारांवर अठरा टक्के लावून बिल द्यावं लागतं. आणि तुम्ही एकट्याच्या नावानं धंदा करत असाल, तर एक खास गोव्याची गोष्ट. १९६१च्या आयकर कायद्यात कलम ५ए आपल्यासाठीच घातलं होतं : पोर्तुगीज काळच्या नागरी कायद्याखालच्या नवरा-बायकोचं धंद्याचं उत्पन्न आयकरासाठी निम्मं-निम्मं धरायचं. पगार तेवढा वगळलाय. म्हणजे कमिशनच्या साडेबावीसांपैकी सव्वाअकरा हजार हिशेबात बायकोचे. (हशा) हसू नका, पुढच्या रांगेतल्या बाईंनी वहीत लिहून घेतलंय.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं, त्यातली दोन आभाराची. तेव्हा मुख्य विषय आता पळत.

प्रस्तावाचं पहिलं पत्र एका पानाचं. 'आपण सहकार्य करू या' असं लिहू नका, त्यावर उत्तर काय देणार? लिहा : आम्ही वेबसाइट करतो, फोटो करत नाही, म्हापशाच्या एका दुकानाचं काम हातात आहे, त्यातले फोटो तुम्ही कराल का, आमचा अंदाज चाळीस हजार. एकच खरं काम द्या. त्याखाली टक्का कशावर, पैसे कधी, मुदत किती, आणि कमिशन आहे हे ग्राहकाला सांगायचं की नाही. मी सांगतो. नंतर कळलं तर त्याला वाटतं की भाव त्यासाठीच चढवला.

ग्राहक ओळखीचा होता की नाही हे लगेच मिटवा. नाव आलं की दोन दिवसांत मेल : 'हे आमच्याकडे आधीच आहेत' किंवा 'नवीन, धन्यवाद'. महिन्याभरानं आलेल्या 'आम्ही त्यांना ओळखत होतो'ला अर्थ नाही.

आणि एकमेकांच्या वेबसाइटवर 'आमचे भागीदार' असं मिरवू नका. १९३२च्या भागीदारी कायद्यात भागीदारीला लेखी करार लागतच नाही. आणि तुम्ही स्वतःला भागीदार म्हणवून घेतलंत, त्यावर विसंबून कुणी उधारी दिली, तर ती तुमच्या गळ्यात पडू शकते. 'सहयोगी' लिहा आणि बिलं वेगळी ठेवा.

काम वाटून घ्यायचं तर टक्क्यांत वाटू नका. ज्यानं त्यानं आपला भाव सांगावा. वेबसाइट साठ हजार, फोटो चाळीस. आणि जो ग्राहकाशी बोलतो, दुरुस्त्या गोळा करतो, वसुली करतो, त्याला समन्वयाचे वर दहा. झाले १ लाख १० हजार. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसरीचे पैसे वेगळे, हे ग्राहकाच्या कोटेशनवरही लिहा, नाहीतर तिसरी फेरी नेहमी फोटोवाल्याच्या माथी.

शेवटचं, आणि मग बसतो. ग्राहक अखेर म्हणतोच, "थोडं कमी करा." अकरा हजारांची सूट द्यायची झाली तर साठवाल्याचे सहा, चाळीसवाल्याचे चार, समन्वयाचा एक. पण समन्वय करणाऱ्यानं दुसऱ्याला फोन न करता समोर बसूनच सूट कबूल केली असेल, तर आधी त्याचे दहा हजार जातील आणि उरलेला एक हजारही त्याच्याच वेबसाइटच्या पैशांतून.